पोह्यांना कुठे बसवायचं?

सोळा शब्दांच्या कोड्याचं वेड आता आपल्याही घरांत शिरलं आहे. सकाळी चहाबरोबर मोबाइलवर चौकटी उघडायच्या, चार-चार शब्दांचे चार गट शोधायचे, आणि मग कुटुंबाच्या ग्रुपवर रंगीत चौकोन टाकून मोकळं व्हायचं. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ च्या जूनमध्ये ‘कनेक्शन्स’ नावाने हा खेळ आणला. कोड्याची जात मात्र त्याआधीची आहे. बीबीसीवर २००८ पासून चालू असलेल्या ‘ओन्ली कनेक्ट’ या प्रश्नमंजूषेत अशीच सोळा शब्दांची भिंत असते आणि ती अडीच मिनिटांत फोडायची असते.

दोन्हींत एक मोठा फरक आहे, आणि आजचा लेख त्या फरकावरच आहे. बीबीसीच्या भिंतीत तुमचे चार शब्द चुकले तर ते नुसते चुकतात. मोबाइलवरच्या खेळात चारांपैकी तीन बरोबर असतील तर पडद्यावर `One away...` अशी अक्षरं येतात. आम्ही त्याला घरात ‘एकानं हुकलं’ म्हणतो. चुका चारच करता येतात, चौथी झाली की खेळ संपतो. बरोबर गट दिला तर काही खर्च होत नाही, उलट चार शब्द पटावरून कमी होतात.

मुलांचा खेळ मी बरेच दिवस बघते आहे. गट ओळखण्यात ती आपल्यापेक्षा चलाख असतात. हरतात ती दोन ठिकाणी. पहिला गट कोणता द्यायचा हे न ठरवता जो आधी सुचला तो देतात, आणि ‘एकानं हुकलं’ आलं की त्याच गटात एकेक शब्द बदलत बसतात. म्हणून कोजागरीला आमच्याकडे पंधरा-वीस जण जमणार होते तेव्हा मी मराठीतच एक कोडं केलं. पुठ्ठ्याचे सोळा तुकडे, त्यांवर जाड पेनाने शब्द, आणि उत्तर तपासायला मी स्वतः. नियम मोबाइलचेच ठेवले. तीन जुळले तर मी ‘एकानं हुकलं’ म्हणणार, नाहीतर नुसती मान हलवणार.

हे ते सोळा शब्द. पुढे वाचण्याआधी पाच मिनिटं स्वतः बघा.

मंगळ, पोहे, लक्ष्मी, यमक
शिरा, गुरू, उपमा, धिरडे
चंद्र, श्लेष, थालीपीठ, पुष्प
रूपक, आंबोळी, बुध, शनी

पाहिल्या पाहिल्या काय दिसतं? खाणं दिसतं. आणि आम्ही इंदूरची माणसं, म्हणजे पोहे तर सगळ्यांत आधी दिसतात. सकाळी पोहे, वर शेव, चिमूटभर जिरावन आणि शेजारी जिलबी असल्याशिवाय इथे दिवस उजाडत नाही. खाण्याच्या पाठोपाठ ग्रह दिसतात. मग शाळेत व्याकरण शिकलेल्यांना अलंकार दिसतात. आणि लक्ष्मी, पुष्प असे दोन शब्द कोपऱ्यात उभे राहतात, ज्यांचं कुणाशीच काही नातं लागत नाही.

आता इथे थांबून मोजायचं. हे मोजणंच पुष्कळ जण टाळतात. खाण्याचे शब्द किती? पोहे, शिरा, उपमा, धिरडे, थालीपीठ, आंबोळी. सहा. ग्रह किती? मंगळ, बुध, गुरू, शनी, आणि आपल्या नवग्रहांत बसणारा चंद्र. पाच. अलंकार किती? उपमा, रूपक, यमक, श्लेष. चार.

ज्या गटाला सहा उमेदवार आहेत त्यात दोन उपरे आहेत हे उघड आहे. पाच आहेत तिथे एक उपरा आहे. कोडं रचणारा हे उपरे मुद्दाम पेरतो. मी स्वतः कोडी रचते, म्हणून सांगते, पाचवा शब्द सापडेपर्यंत गट पटावर ठेवण्यात मजाच नसते. म्हणून जो गट डोळ्यांत आधी भरतो तोच बहुतेक वेळा पहिल्यांदा देण्याच्या लायकीचा नसतो. सोपा असतो, पण मोकळा नसतो.

मोकळा गट ओळखायचा तर प्रश्न गटाला नाही, शब्दाला विचारायचा: तुला दुसरं घर आहे का? यमकाला दुसरं घर नाही. श्लेषाला नाही. रूपक म्हणजे सात मात्रांचा तालही आहे खरा, पण पटावर दादरा नाही, झपताल नाही, म्हणजे तालाचं घर रिकामं आहे. हे तीन शब्द एकत्रच राहणार आणि त्यांना चौथा सोबती लागणार. सोळांत तो उपमाच असू शकतो. उपमा बशीतही बसते आणि कवितेतही. तिच्यावाचून खाण्याच्या गटाचं काही अडत नाही, अलंकारांचं मात्र अडतं. जिथे तिच्यावाचून अडतं तिथे ती. हा पहिला गट, आणि त्यात धोका जवळपास शून्य.

मला हे रचतानाच ठाऊक होतं. समोर बसलेल्या दोन चमूंना नव्हतं.

पहिल्या चमूत माझी भाची, तिचा धाकटा भाऊ आणि मदतीला आमच्या मोठ्या काकू. धाकट्याने विचार न करता चार पुठ्ठे उचलले: पोहे, शिरा, उपमा, थालीपीठ. मी मान हलवली आणि गप्प राहिले. एक चूक जमा झाली.

“म्हणजे पूर्ण चुकलं,” तो हिरमुसला.

पूर्ण चुकलं नव्हतं. माझं गप्प राहणं हीसुद्धा माहिती होती, आणि अशा वेळी ती ‘एकानं हुकलं’पेक्षा जास्त कामाची असते. सहा उमेदवार होते, त्यातले चार खरे. त्याने सहांतले चार दिले, दोन बाहेर ठेवले. बाहेर दोनच असल्यामुळे दिलेल्या चारांत निदान दोन तरी खरे असायलाच हवेत. तीन खरे असते तर मी बोलले असते. चारही खरे असते तर गट सुटला असता. म्हणजे नेमके दोनच खरे आहेत. आणि तसं असेल तर बाहेर राहिलेले दोन, धिरडे आणि आंबोळी, हे दोघेही शंभर टक्के खाण्याच्या गटातले. ज्यांना हातही लावला नव्हता ते दोन शब्द एका चुकीच्या मोबदल्यात पक्के झाले.

भाचीने हे बोटांवर मोजून काढलं तेव्हा मला फार बरं वाटलं. (ती वकिलीला आहे. घरात तिच्याशी वाद घालायला सगळे टरकतात.)

तिचा भाऊ तोवर ग्रहांकडे वळला होता. मंगळ, बुध, गुरू, चंद्र. मी म्हटलं, “एकानं हुकलं.” तो उडीच मारायच्या बेतात होता, जणू अर्धं जिंकलंच.

इथे जरा थांबायला हवं. पाच उमेदवारांतले चार दिले आणि ते चुकले, तर तीन बरोबर असणारच. दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच माझं उत्तर ठरलेलं होतं. त्यातून दोनच गोष्टी हाती लागल्या: ग्रहांचा गट खरोखरच आहे, आणि बाहेर ठेवलेला शनी त्यात नक्की आहे. उरलेल्या चारांतला कोण उपरा, हे मात्र जिथल्या तिथे. आता शनीला आत घेऊन एकेकाला बाहेर काढत बसलं तर चार शक्यता आहेत, आणि दोन चुका झाल्यावर आणखी एकच चूक पचते. चार दारं, दोन टकटक. हा जुगार झाला.

पाच उमेदवार असताना गट द्यायचाच असेल, तर कुणाला बाहेर ठेवायचं ते निदान विचार करून ठरवावं. शनी शेवटचा म्हणून राहिला, हे काही कारण नव्हे. बुधाला पटावर दुसरं कुठलंच घर नाही, त्याला आत घ्यावा. शनीचंही तेच. चंद्र मात्र किती तरी ठिकाणी जातो, चंद्रकोर, चंद्रहार, चंद्रकला साडी. ज्याचे नातेवाईक सगळ्यांत जास्त त्याला दाराबाहेर ठेवून बघायचं. पहिल्याच फटक्यात गट सुटला असता.

पण आता हुकलं होतं. धाकटा पुठ्ठा बदलायला हात पुढे करत होता, तेवढ्यात भाचीने त्याचं मनगट धरलं. “ग्रह राहू दे. दुसरीकडे बघू.”

माझ्या मते या खेळात सगळ्यांत कठीण गोष्ट हीच आहे. एका शब्दाने हुकलेला गट समोर असतो, तो पुरा करण्यासाठी हात शिवशिवत असतात, आणि त्याच वेळी तो सोडून पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जायचं असतं. त्या चार शब्दांतला उपरा कोण, हे त्या चार शब्दांकडे टक लावून कळत नाही. तो उपरा ज्या घरचा आहे ते घर सापडलं की कळतं.

तिने अलंकार दिले: उपमा, रूपक, यमक, श्लेष. बरोबर. बारा शब्द उरले.

आता पट कसा दिसतो बघा. ग्रहांचे पाच, खाण्याचे पाच, आणि लक्ष्मी व पुष्प हे दोन अनाथ. पाच अधिक पाच अधिक दोन, झाले बारा. गट तीनच राहिलेत. म्हणजे चौथ्या गटात लक्ष्मी, पुष्प, एक ग्रह आणि एक खाणं. दुसरी मांडणीच शक्य नाही. त्या गटाचं नाव अजून कुणालाही माहीत नव्हतं, पण त्याचा आकार कळला होता.

ग्रह कोणता? शनी पक्का झालेला, म्हणून मंगळ, बुध, गुरू, चंद्र यांपैकी एक. खाणं कोणतं? धिरडे आणि आंबोळी पक्की, म्हणून पोहे, शिरा, थालीपीठ यांपैकी एक. चार गुणिले तीन, बारा जोड्या. त्या दोन चुका झाल्या नसत्या तर पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या तपासाव्या लागल्या असत्या. चुकांची किंमत मोजून झालीच होती, तर त्यांच्या बदल्यात निम्म्याहून जास्त जोड्या बाद झाल्या हा हिशेब वसूल करून घ्यायलाच हवा. पुष्कळ जण चूक करतात, पैसे मोजतात आणि माल दुकानातच विसरून येतात.

भाची मोठ्याने वाचू लागली. लक्ष्मी, पुष्प, मंगळ, शिरा. लक्ष्मी, पुष्प, मंगळ, पोहे. लक्ष्मी, पुष्प, गुरू, थालीपीठ. काहीच जमेना. “लक्ष्मी, पुष्प, चंद्र, पोहे.”

काकू इतका वेळ मसाला दुधाच्या पातेल्याकडे लक्ष देऊन बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “अगं, पोहेहार!”

लक्ष्मीहार, पुष्पहार, चंद्रहार, पोहेहार. पोहेहार हा जुना दागिना, चपट्या पोह्यांसारखे मणी ओवलेला. मुलांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. काकूंच्या सासूबाईंकडे होता. या जातीचा गट, म्हणजे मागे किंवा पुढे एखादा शब्द जोडायचा, मोबाइलवरच्या खेळात बहुधा जांभळ्या रंगाचा असतो, चारांत सगळ्यांत अवघड. अशा गटाचं नाव शोधायला गेलं की सापडत नाही. आधी त्याची माणसं गोळा करावी लागतात, मग आडनाव आपोआप ओठांवर येतं.

आता दुसऱ्या चमूकडे. हे तिघे कॉलेजातले मित्र, आणि त्यांनी सुरुवात फारच चांगली केली. पहिल्याच फटक्यात अलंकार दिले, एकही चूक नाही. पटावर तेच बारा शब्द. मग त्यांनी अनाथ शब्दांना हात घातला, तेही योग्यच. लक्ष्मी, पुष्प, चंद्र, शिरा. कारण विचारलं तर म्हणाले, “पूजा! आज कोजागरी. लक्ष्मीची पूजा, चंद्राची पूजा, पूजेला फुलं, आणि प्रसादाचा शिरा.” सुंदर तर्क होता. मी म्हटलं, “एकानं हुकलं.”

त्यांच्यात लगेच कुजबुज झाली, की पूजाच आहे, फक्त शिरा चुकला.

इथे त्यांचा पाय घसरला. ‘एकानं हुकलं’ याचा अर्थ या चारांतले तीन शब्द एका गटात आहेत, एवढाच. तुमच्या मनातलं गटाचं नाव बरोबर आहे असा त्याचा अर्थ नाही. खेळाला तुमच्या मनातलं नाव माहीतच नसतं, तो फक्त शब्द मोजतो. त्यांचे तीन शब्द खरे होते, नाव खोटं होतं. ग्रहांच्या बाबतीत नाव पक्कं होतं आणि शब्द डळमळीत होता. इथे नेमकं उलटं. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, आणि ओळखायची खूण सोपी आहे. गटाचं नाव चारही शब्दांना सहज, ताणाताण न करता बसतं का? ग्रह हे नाव बसतं. पूजा हे नाव लक्ष्मीला एका अर्थाने, फुलाला दुसऱ्या, शिऱ्याला तिसऱ्याच अर्थाने बसत होतं. नाव असं ओढून ताणून बसवावं लागलं की ते बहुतेक आपलंच असतं, रचणाऱ्याचं नसतं.

तरीही त्या उत्तरातून खूप काही निघत होतं. लक्ष्मी आणि पुष्प यांना दुसरं घर नाही, म्हणून ती दोघं खरीच. मग चंद्र आणि शिरा यांपैकी नेमका एक खरा, एक खोटा. चंद्र खरा असेल तर शिऱ्याच्या जागी दुसरं एक खाणं हवं. शिरा खरा असेल तर चंद्राच्या जागी दुसरा एक ग्रह हवा. प्रत्येक बाजूला चार, एकूण आठ जोड्या. पहिल्या चमूपेक्षा हे लोक एक चूक कमी करून पुढे होते.

त्यांनी शिरा काढला आणि तिथे गुरू ठेवला. गुरूचीही पूजा होते ना! लक्ष्मी, पुष्प, चंद्र, गुरू.

हा डाव बरोबर येणं शक्यच नव्हतं. दोन ग्रह एकदम बाहेर काढले तर ग्रहांकडे तीनच उरतात, आणि खाण्याकडे पाच. पुठ्ठे हातात घेऊन नुसतं मोजलं असतं तरी कळलं असतं. शब्द बदलताना बाहेर काढलेला शब्द कुठे जाणार आणि आत घेतलेला कुठून आला, हे दोन्ही बघावं लागतं. मी पुन्हा “एकानं हुकलं” म्हटलं आणि त्यांना ते पूजेचं दुसरं प्रमाणपत्र वाटलं.

मग थोडं भान आलं. त्यांनी चंद्र बाजूला ठेवून मंगळ, बुध, गुरू, शनी दिले. सुटला. आठ शब्द उरले: पोहे, शिरा, थालीपीठ, धिरडे, आंबोळी, आणि लक्ष्मी, पुष्प, चंद्र. चंद्र खरा ठरला म्हणजे शिरा खोटा, तो खाण्यातच परत गेला. आता पोहे, थालीपीठ, धिरडे, आंबोळी यांपैकी एक काढायचा. दोन चुका झालेल्या, म्हणजे दोनदा बोलता येणार.

त्यांनी थालीपीठ दिलं. पूजेची थाळी, म्हणे. तिसरी चूक.

शेवटच्या संधीला तिघे पाच मिनिटं भांडले. पोह्यांकडे कुणी बघायलाच तयार नव्हतं. “इंदूरमध्ये बसून पोहे नाश्त्यातून काढायचे? लोक काय म्हणतील!” मग एकाने मुद्दा मांडला, की आंबोळी आपण इथे कधी खाल्लेलीच नाही, कोकणातल्या मावशीकडे गेल्यावर एकदा मिळाली, म्हणजे तोच शब्द वेगळा असणार. आंबोळी दिली आणि चौथी चूक झाली.

या शेवटच्या वादात एक गंमत होती. तिघांपैकी एक जण सारखा सांगत होता, “आधी खाण्याचा गट देऊ, तो सोपा आहे. अवघड गट आपोआप उरेल.” दुसरा म्हणत होता, नाही, पूजेचाच देऊ. ह्यावर निम्मा वेळ गेला. आठ शब्द उरले असताना कोणता गट द्यायचा याने तसूभरही फरक पडत नाही. एका बाजूचे चार ठरले की दुसऱ्या बाजूचे चार ठरलेच. ते बरोबर तर हे बरोबर, ते एकाने हुकले तर हेही एकानेच हुकले, उत्तरही तेच मिळणार. बारा शब्दांपर्यंत क्रमाला महत्त्व असतं, कारण एक सुटलेला गट बाकीच्यांतले उपरे उघडे पाडतो. आठांवर आल्यावर क्रमाचा प्रश्न संपतो, आणि ज्या शब्दाबद्दल मन अडलं आहे तो कोणत्या बाजूचा, एवढंच राहतं. ती पाच मिनिटं त्यांनी ‘लक्ष्मी, पुष्प, चंद्र’ हे तीन शब्द पूजा विसरून नुसते मोठ्याने म्हणण्यात घालवली असती, तर बरं झालं असतं. तीनही शब्दांना मागे काय जोडता येतं, पुढे काय जोडता येतं, एवढंच बघायचं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये पुष्पहार शंभर वेळा ऐकलेली मुलं आहेत ही.

उत्तर सांगितल्यावर त्यांनी माझ्यावर फसवणुकीचा आरोप ठेवला. पोहेहार नावाचा दागिना मी तिथल्या तिथे बनवला, असं त्यांचं म्हणणं होतं. काकूंनी दुधाचे पेले पुढे सरकवले आणि सासूबाईंचा फोटो शोधायला आत गेल्या.

घरी असं कोडं रचून बघायचं असेल तर सुरुवात हाराच्या गटासारख्या गटापासून करा. जोडशब्दांचे चार अर्धे घ्या, त्यांतल्या दोघांची दुसरी घरं शोधा आणि त्या घरांत प्रत्येकी चार माणसं बसवा. दोघांना दुसरं घर अजिबात देऊ नका, नाहीतर सोडवणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. चौथा गट असा हवा, की त्याचा एखादाच शब्द बाहेर डोकावतो, उपमेसारखा. पुढच्या वेळी मी ‘माळ’ घेऊन बसणार आहे. बोरमाळेतला बोर फळांत जाईल, मोहनमाळेतला मोहन कृष्णाच्या नावांत. उरलेले दोन अजून शोधते आहे.